फक्त खोकला, धाप नाही, तरी दमा?

“डॉक्टर, मी ३८ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिकवते. वर्षातून तीनदा तरी सर्दी होते. सर्दी आठवड्यात जाते, पण मागे राहिलेला खोकला पाच-सहा आठवडे हटत नाही. कोरडा असतो, रात्री जास्त येतो. दर वेळी अँटिबायोटिक आणि कफ सिरप होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. एका डॉक्टरांना दम्याचा संशय आला म्हणून मे महिन्यात फुंकायची तपासणी केली. तेव्हा खोकला नव्हता, तपासणी नॉर्मल आली. मला धाप लागत नाही, छातीत आवाज येत नाही. मग दमा कसा असेल? आईला दमा होता, तिचे हाल मी पाहिलेत, म्हणून भीती वाटते. परवापासून पुन्हा सर्दी सुरू झाली आहे. काय करू?” – एक शिक्षिका, सांगली

ताई, परवापासून सर्दी सुरू झाली आहे, ही या वेळी कामाला येणारी गोष्ट आहे. तुमची तपासणी मे महिन्यात नॉर्मल आली यात नवल नाही. खोकला नसताना तुमच्या श्वासनळ्या शांत असतात, आणि शांत असलेल्या नळ्यांची तपासणी केली तर ती नॉर्मलच येणार. त्या कागदाचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्रास नव्हता. दमा नाही, असं तो सांगत नाही. खरं काय ते पाहायचं तर खोकला चालू असतानाच पाहायला हवं, आणि ती वेळ आठ-दहा दिवसांत येते आहे.

धाप नाही, आवाज नाही, फक्त खोकला, असाही दमा असतो. १९७९ साली अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना खोकल्याखेरीज काहीच त्रास नव्हता, फुंकण्याच्या तपासण्या चांगल्या होत्या, पण श्वासनळ्यांना मुद्दाम डिवचून पाहिलं तेव्हा त्या दम्याच्या रुग्णासारख्या आवळल्या, आणि दम्याच्या औषधानं खोकला थांबला. तेव्हापासून या प्रकाराला वेगळं नाव मिळालं. मराठीत त्याला ‘खोकल्याचा दमा’ म्हणता येईल.

तुमच्या आईचा दमा आणि हा दमा आतून एकाच जातीचे आहेत. दोन्हींत श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि तिच्याभोवतीचा स्नायू लवकर चिडतो. आईच्या बाबतीत तो इतका आवळत असणार, की हवेची वाट अरुंद होऊन शिट्टीसारखा आवाज येई आणि धाप लागे. खोकल्याच्या दम्यात तो थोडासाच आवळतो. हवा जायला अडथळा जाणवत नाही, पण तेवढ्या आवळण्यानंही खोकल्याच्या नसा डिवचल्या जातात. सर्दीचा विषाणू आला की अस्तर आधीच सोलवटून निघतं, नसा उघड्या पडतात आणि एरवी दबून असलेली सूज भडकते. सर्दी आठवड्यात ओसरते, पण ही सूज तेवढ्या वेळात ओसरत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला श्वासनळ्या दिवसभरातल्या सगळ्यात अरुंद असतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, तुम्हाला मात्र त्या वेळी जाग येते.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून काही गोष्टी विचारतो. पोट धरून हसताना खोकल्याची उबळ येते का? फ्रिज उघडल्यावर किंवा पहाटेच्या गार हवेत? उदबत्ती, फोडणीचा ठसका, खडूची धूळ, कुणाचं अत्तर? जिना भराभर चढून वर पोहोचल्यावर दोन-चार मिनिटांनी? लहानपणी अंगावर खाजरे चट्टे यायचे का, किंवा सकाळी उठल्याबरोबर ओळीनं शिंका? यांतल्या तीन-चार गोष्टींना ‘हो’ असेल आणि आईला दमा होता हे धरलं, तर संशय बळकट होतो. सिद्ध मात्र होत नाही. नुसत्या खोकल्याच्या वर्णनावरून निदान करणाऱ्यावर, तो डॉक्टर असला तरी, मी विश्वास ठेवणार नाही, कारण तशीच लक्षणं इतरांनाही असतात.

मुख्य घोळ होतो तो सर्दीनंतरच्या साध्या खोकल्याशी. निरोगी माणसालाही जोराची सर्दी किंवा फ्लू झाला की खोकला तीन आठवडे, कधी आठ आठवडे टिकतो आणि आपोआप जातो. एखाद्या वेळीच असं झालं तर मी काहीही तपासत बसणार नाही. तुमचं वेगळं आहे ते ‘दर वेळी’ या शब्दामुळे. एकच माणूस वर्षातून तीनदा, प्रत्येक सर्दीनंतर पाच-सहा आठवडे खोकत असेल तर दोष त्या विषाणूंचा नसून श्वासनळ्यांच्या चिडखोरपणाचा असण्याची शक्यता वाढते. नाकातून घशात ओघळणारा शेंबूड आणि पोटातलं आम्ल वर येणं या दोन गोष्टीही असाच खोकला देतात. कधी त्या दम्याच्या सोबतीलाच असतात, म्हणून नाक आणि पोट याबद्दलही डॉक्टरांना सांगा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असाल तर तेही सांगा. या गोळ्यांनी अनेकांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

क्षयाबद्दल मी स्पष्ट बोलतो. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला क्षयासाठी तपासायचाच, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. एक्स-रे स्वच्छ आहे ही चांगली गोष्ट, पण तो केव्हाचा आहे ते पाहा. या वेळच्या खोकल्याला दोन आठवडे झाले तर पुन्हा काढा आणि बेडका पडत असेल तर सरकारी दवाखान्यात तपासायला द्या, तिथे ही तपासणी मोफत होते. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यांतलं काही दिसलं तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. दम्याचा विचार हे सगळं बाजूला ठेवल्यानंतरचा.

आता या सर्दीचा उपयोग कसा करायचा ते सांगतो.

औषधांच्या दुकानातून पीक फ्लो मीटर आणा, म्हणजे आपण किती जोरात श्वास बाहेर टाकतो ते मोजणारं साधन. हातभर लांबीचीही नसलेली प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यावर आकडे आणि एक सरकणारा काटा असतो. काटा खाली शून्याकडे ढकलायचा, उभं राहायचं, भरपूर श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात, शक्य तेवढ्या जोरात फुंकायचं. फुगा फुगवल्यासारखं लांबवायचं नाही. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती लांबून विझवायची असेल तर आपण जसं फुंकू, तसं. हे तीनदा करायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा वहीत लिहायचा, सरासरी नाही. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोन आठवडे. मीटर एकच ठेवा, कारण दोन मीटरचे आकडे जुळत नाहीत. आकड्यासमोर रात्री खोकल्यानं किती वेळा जाग आली तेही लिहा. हे नंतर फार कामाला येतं.

दम्यात हा आकडा दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी पडतो, संध्याकाळी चढतो. किती चढउतार म्हणजे जास्त, याचा हिशोब सोपा आहे: त्या दिवसाचा मोठा आकडा उणे लहान आकडा, भागिले दोघांची सरासरी. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची वही आठवते. त्यांचीही तक्रार तुमच्यासारखीच होती, दर पावसाळ्यात आणि दर थंडीत खोकला. एके दिवशी सकाळी ३१० आणि संध्याकाळी ३७०. फरक ६०, सरासरी ३४०, म्हणजे जवळजवळ १८ टक्के. दुसऱ्या दिवशी ३३० आणि ३६०, म्हणजे ९ टक्क्यांच्या आत. असे रोजचे टक्के काढून दोन आठवड्यांची सरासरी १३ आली. मोठ्या माणसात ही सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली तर ती दम्याच्या बाजूची गोष्ट मानतात. एका दिवसाच्या १८ वर मी काहीच ठरवलं नसतं, एखाद्या सकाळी माणूस अर्धवट झोपेत कमी जोरानं फुंकतो.

त्या वहीबरोबर, खोकला ऐन भरात असताना, त्यांची स्पायरोमेट्री केली. हीच तुमची फुंकायची तपासणी, पण दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा २.२० लिटर भरली. वय आणि उंचीच्या मानानं ही ठीक होती, यंत्रानंही ‘नॉर्मल’ छापलं. पुष्कळ ठिकाणी इथेच कागद फाडून हातात देतात. पण आम्ही त्यांना नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार फवारे स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी २.५० लिटर. म्हणजे ३०० मिलिलिटरची, साडेतेरा टक्क्यांच्या आसपासची वाढ. २०० मिलिलिटर आणि १२ टक्के, या दोन्ही अटी ओलांडल्या गेल्या तर आपण म्हणतो की नळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधानं सुटल्या. दिसायला नॉर्मल असलेला आकडा त्या बाईंसाठी नॉर्मल नव्हता. त्या पंधरा मिनिटांत त्यांचा खोकलाही थांबला होता, आणि त्या स्वतःच म्हणाल्या, “घसा मोकळा झाल्यासारखा वाटतोय.” माझ्या दृष्टीनं त्या वाक्याला आकड्याइतकंच महत्त्व होतं.

तुमच्या मेच्या रिपोर्टवर पाहा. औषधाआधी आणि औषधानंतर असे दोन रकाने आहेत का? एकच असेल तर अर्धीच तपासणी झाली आहे. या वेळी सांगताना ‘औषध देऊन दुसरी फेरीही करा’ असं स्पष्ट सांगा. कुणी साल्ब्युटामॉलचा पंप दिला असेल तर तपासणीआधी सहा तास तो घेऊ नका, अर्थात त्रास फार असेल तर घ्या आणि तपासणी पुढे ढकला. आणखी एक. सर्दीसाठी मोन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स आपल्याकडे सहज लिहिला जातो. खोकला दम्याचा असेल तर त्यानं तो बरा वाटतो, तपासणी मात्र पुन्हा नॉर्मल येते आणि आपण मेमध्ये होतो तिथेच परत जातो. म्हणून मी म्हणेन, या वेळी आधी तपासणी, मग औषध. मात्र आधीपासून नियमित चालू असलेलं कोणतंही औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आता या मार्गाच्या मर्यादा. खोकल्याच्या दम्यात नळ्या थोड्याच आवळतात, त्यामुळे वही आणि स्पायरोमेट्री दोन्ही नॉर्मल राहूनही दमा असू शकतो. तसं झालं तर दोन तपासण्या उरतात. एकीत नळीत हळूहळू फुंकून श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात. तो ५० च्या वर असेल तर नळ्यांत ॲलर्जीच्या प्रकारची सूज आहे असं धरता येतं. कमी आला म्हणून दमा नाही असं मात्र म्हणता येत नाही. दुसरी मेथाकोलिनची, तीच १९७९ मधली डिवचण्याची. मेथाकोलिनचा वाफारा चढत्या मात्रेनं देतात आणि प्रत्येक मात्रेनंतर फुंकायला लावतात. कमी मात्रेतच हवेचा आकडा २० टक्के घसरला तर नळ्या चिडखोर आहेत. ही तपासणी मोठ्या शहरातल्या निवडक रुग्णालयांतच होते. तिचा सगळ्यात मोठा उपयोग उलट्या बाजूनं आहे: त्रास चालू असताना, दम्याचं औषध चालू नसताना ती नॉर्मल आली, तर दमा बहुतेक नाही असं समजायचं आणि दुसरं कारण शोधायला लागायचं.

शेवटचा पुरावा उपचाराचा. श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप, रोज, निदान चार आठवडे. खोकला दम्याचा असेल तर एक-दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो, पूर्ण जायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. इथे एक फसगत आहे आणि ती मी वारंवार पाहतो. माणूस चौथ्या-पाचव्या आठवड्यात कंटाळून डॉक्टरकडे जातो, पंप सुरू होतो, सहाव्या-सातव्या आठवड्यात खोकला जातो आणि निदान पक्कं झालं असं सगळे म्हणतात. पण तुमचा खोकला पाच-सहा आठवड्यांत एरवीही जातोच ना? मग तो पंपानं गेला की त्याची वेळ झाली म्हणून गेला, हे कसं ओळखणार? म्हणूनच मागच्या दोन-तीन सर्दींचे आठवडे आठवून आत्ताच लिहून ठेवा आणि या वेळी तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करून घ्या, म्हणजे औषध लवकर सुरू होईल. त्या बाईंना पंप सुरू केला त्या आठवड्यात सहा रात्री जाग आली होती, पुढच्या आठवड्यात तीन, चौथ्यात एकही नाही. तरी मला खरी खात्री पटली ती दिवाळीत, पंप चालू असताना त्यांना पुढची सर्दी झाली आणि खोकला नऊ दिवसांत संपला तेव्हा. त्याआधी कधी तो महिन्याच्या आत गेला नव्हता. महिनाभर नीट पंप घेऊनही तुमच्या रात्री तशाच राहिल्या, तर मात्रा वाढवत नेण्याआधी पंप बरोबर घेतला जातोय का ते पाहा, आणि तो बरोबर असेल तर निदानाकडे परत या.

पंपाची भीतीही तुमच्या मनात असेल. ‘एकदा लागला की सुटत नाही’ हे तुम्ही घरात ऐकलं असेल. सवय लागण्यासारखं त्यात काही नाही, सूज ओसरली की डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात. ब्युडेसोनाइडचा एक फवारा बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा असतो. स्टेरॉइडची पाच मिलिग्रॅमची एक छोटी गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि तीही सगळ्या शरीरात फिरते. पंपातलं औषध बहुतांशी श्वासनळ्यांवरच काम करतं. त्यानं त्रास होतो तो आवाज बसण्याचा आणि तोंडात पांढरे चट्टे येण्याचा. तुमचं काम आवाजाचं, म्हणून स्पेसर वापरा आणि प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून पाणी थुंका. दात घासण्याआधी पंप घेतला की हे आपोआप होतं.

दर वेळच्या त्या अँटिबायोटिकबद्दलही लिहायला हवं. सर्दीच्या विषाणूंवर ते चालत नाही, दम्यावरही नाही. तुमचा खोकला त्यानं लवकर गेला असता तर सहा आठवडे टिकलाच नसता. कफ सिरपनं उबळ तासभर दबते, झोप येते, सूज तशीच राहते. यात खर्चापेक्षा मला खटकतो तो गेलेला वेळ. खोकल्याचा दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण तिघांत एकाला काही वर्षांत धापेचा, आवाजाचा, म्हणजे तुमच्या आईसारखा दमा होतो, आणि श्वासावाटे स्टेरॉइड नियमित घेतल्यानं ही शक्यता कमी होते असं दिसतं. आईच्या तरुणपणी असे पंप सहजी मिळत नव्हते. तिचे जे हाल तुम्ही पाहिलेत ते बहुधा गोळ्या, इंजेक्शनं आणि उशिरा मिळालेल्या उपचारांच्या काळातले आहेत. निदान झालं तर तेच तुमच्या वाट्याला येईल असं धरून चालू नका.

छातीच्या डॉक्टरांची वेळ सर्दी सुरू झाल्यापासून पंधरा-वीस दिवसांनंतरची आजच घेऊन ठेवा. तोवर खोकला गेला तर वेळ रद्द करा, पण वही जपून ठेवा. जाताना वही, मेचा रिपोर्ट, एक्स-रे आणि गेल्या वर्षभरातल्या चिठ्ठ्या न्या. मधल्या काळात बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंप घेऊनही छाती आवळलेलीच राहिली, तर वेळेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. आणि वर्गात या दोन आठवड्यांत फळा पुसायला ओलं फडकं वापरा. खडूची धूळ चालू राहिली तर संध्याकाळचे आकडे पडतील आणि वहीचा अर्थ लावणं अवघड होईल.